धर्मनिरपेक्ष की धर्मविरोधी? अकरावी-बारावीच्या प्रश्नांना उत्तर देण्याची एक पद्धत

राज्यशास्त्राच्या उत्तरपत्रिकांमध्ये एक प्रश्न या ना त्या रूपात हटकून येतो: "धर्मनिरपेक्ष राज्य हे धर्मविरोधी राज्य नसते. सकारण स्पष्ट करा." त्याची उत्तरेही बहुधा एकाच साच्यातली असतात. भारतात सर्व धर्म समान आहेत, राज्याला स्वतःचा धर्म नाही, प्रत्येकाला धर्माचे स्वातंत्र्य आहे, सबब आपले राज्य धर्मविरोधी नाही. यातले एकही विधान चुकीचे नाही, आणि तरीही परीक्षकाला पूर्ण गुण देता येत नाहीत. कारण प्रश्नाचा रोख वेगळा आहे. राज्य धर्माच्या क्षेत्रात कधीच पाऊल टाकत नसते, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. राज्य मंदिरप्रवेशाचा कायदा करते, धार्मिक न्यासांचे हिशेब तपासते, सरकारी शाळेत धर्मशिक्षण देऊ देत नाही. एवढे सगळे करूनही ते धर्माचे विरोधक ठरत नाही, हे कसे, एवढेच विद्यार्थ्याला दाखवून द्यायचे असते. ते दाखवण्याची एक पद्धत वर्गात शिकवताना मला उपयोगी पडत आली आहे. ती येथे क्रमाने मांडतो.

पहिली पायरी: वाक्याचा कर्ता कोण, ते पाहा

उत्तर लिहायला घेण्यापूर्वी प्रश्नातल्या वाक्याचा कर्ता शोधावा. संविधानातील धर्मनिरपेक्षता हा राज्याच्या वागण्याचा नियम आहे. नागरिकाने किती श्रद्धाळू असावे, पूजा करावी की न करावी, नास्तिक असावे की नसावे, याबद्दल तो काही सांगत नाही. रोज नमाज पढणारा किंवा दर आषाढीला वारी करणारा माणूस धर्मनिरपेक्ष राज्याचा उत्तम नागरिक असू शकतो, आणि तोच माणूस जिल्हाधिकाऱ्याच्या खुर्चीत बसला की त्याने घेतलेला निर्णय धर्मनिरपेक्ष असावा लागतो. म्हणून "धर्मनिरपेक्ष व्यक्ती देव मानत नाही" असे वाक्य उत्तरात आले की तिथेच गाडी रुळावरून घसरते. व्यक्तीच्या श्रद्धेचे वर्णन आणि राज्याच्या अधिकाराची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रश्न दुसऱ्या गोष्टीचा आहे.

शब्दामुळेही थोडा घोटाळा होतो. "निरपेक्ष" म्हणजे अपेक्षा न ठेवणारा, अवलंबून नसलेला. नागरिकाला हक्क देताना राज्य त्याच्या धर्माची अट घालत नाही, असा "धर्मनिरपेक्ष" या शब्दाचा सरळ अर्थ आहे. धर्माला नकार देण्याचा अर्थ त्या शब्दात नाही.

दुसरी पायरी: अनुच्छेद 25 सावकाश वाचा, आणि शेजारी दुसरे एक संविधान ठेवा

अनुच्छेद 25 म्हणतो की सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदी यांच्या अधीन राहून सर्व व्यक्तींना सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा सारखाच हक्क आहे. विद्यार्थी हे वाक्य पाठ करतात, पण त्यातील "प्रसार" या शब्दाचे वजन त्यांना सहसा जाणवत नाही. ते जाणवण्यासाठी सोव्हिएत संघाच्या 1936 च्या संविधानातील अनुच्छेद 124 शेजारी ठेवून पाहावा. चर्च राज्यापासून आणि शाळा चर्चपासून अलग असेल, असे तो सांगतो, आणि हे सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यासाठीच आहे असेही सांगतो. पुढच्या वाक्यात मात्र सर्व नागरिकांना दोन स्वातंत्र्ये दिली आहेत: धार्मिक उपासनेचे स्वातंत्र्य आणि धर्मविरोधी प्रचाराचे स्वातंत्र्य.

हे वाक्य फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना विचारावे की यात काय गाळले आहे. थोडा वेळ दिला की कोणीतरी हात वर करतेच: धर्माच्या बाजूने प्रचार करण्याचे स्वातंत्र्य. धर्माविरुद्ध बोलण्याची मुभा आहे, धर्मासाठी बोलण्याची नाही; श्रद्धावंताने आपली उपासना करावी, पण आपला विचार दुसऱ्याला पटवून देऊ नये. काटा एका बाजूला झुकवलेला आहे. अल्बानियाने याच्याही पुढे जाऊन 1967 मध्ये देशातील प्रार्थनास्थळे बंद केली. 1976 च्या तेथील संविधानात राज्य कोणताही धर्म मान्य करत नाही आणि नास्तिकतेच्या प्रचाराला पाठिंबा देते, असे स्पष्ट लिहिले होते.

या तुलनेतून दोन गोष्टी हाती लागतात. धर्म आणि राज्य अलग करणे एवढ्याने धर्मनिरपेक्षता सिद्ध होत नाही, कारण सोव्हिएत संविधानातही ते अलगपण होते. आणि धर्मविरोध ओळखायचा तर राज्य धर्मापासून किती अंतरावर आहे हे मोजून भागत नाही, राज्य कोणाच्या बाजूने बोलते आहे ते पाहावे लागते. आपल्या अनुच्छेद 25 मध्ये श्रद्धावंत आणि अश्रद्ध यांच्यापैकी कोणाचीही बाजू राज्याने घेतलेली नाही. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य हे दोन शब्द दोघांनाही कवेत घेतात.

तिसरी पायरी: राज्याच्या "कारणाचे वाक्य" लिहून काढा

पद्धतीचा गाभा हा आहे, आणि बाकीच्या पायऱ्या विसरल्या तरी ही विसरू नये. प्रश्नात राज्याची कोणतीही कृती दिलेली असो, ती कृती राज्य कोणत्या कारणासाठी करते आहे, ते एका पूर्ण वाक्यात लिहावे. मग त्या वाक्याला एकच प्रश्न विचारावा: हे वाक्य खरे ठरण्यासाठी तो धर्म खरा किंवा खोटा आहे, असे आधी मान्य करावे लागते का?

"ही श्रद्धा अडाणीपणाची आहे, म्हणून ती बंद करतो" हे वाक्य श्रद्धेला खोटे ठरवल्याशिवाय उभे राहत नाही, म्हणून तो धर्मविरोध झाला. "ही श्रद्धा खरी आहे, म्हणून सर्वांनी तिचा मान राखावा" हे वाक्य श्रद्धेला खरे मानते, म्हणून तो राज्याचा धर्म झाला. दोन्ही वाक्यांचा दोष एकच आहे. ज्या गोष्टीवर निकाल देण्याचा अधिकार राज्याला नाही, तिच्यावर राज्याने निकाल दिला. आता तिसरे वाक्य घ्या: "न्यासाकडे लोकांनी दिलेला पैसा आहे, तो ठरलेल्या कामासाठीच खर्च व्हावा, म्हणून हिशेब तपासतो." देव आहे असे माना किंवा नाही असे माना, हे वाक्य जागचे हलत नाही. धर्मनिरपेक्ष कारण ते हेच.

हे तिसरे उदाहरण कल्पनेतले नाही. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 चा आहे, आणि त्याला रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात आव्हान दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये न्यासांची नोंदणी, हिशेब आणि तपासणी यांच्या तरतुदी कायम ठेवल्या. धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमता येईल, अशी जी तरतूद होती ती मात्र न्यायालयाने रद्द केली. हिशेब पाहणे हा राज्याचा अधिकार, पण धर्मसंस्थेच्या गादीवर स्वतः जाऊन बसणे हा राज्याचा अधिकार नव्हे. एकाच निकालात दोन्ही बाजू दिसत असल्यामुळे उत्तरात देण्यासाठी हे उदाहरण फार सोयीचे आहे. अनुच्छेद 25 च्या दुसऱ्या खंडातील पहिला उपखंडही हेच सांगतो: धर्माचरणाशी निगडित असलेल्या आर्थिक, वित्तीय, राजकीय किंवा अन्य ऐहिक व्यवहारांचे नियमन राज्याला करता येते.

चौथी पायरी: एक खटला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवा

उत्तरात पाच खटल्यांची नावे पेरण्यापेक्षा एक खटला नीट उलगडून दाखवावा, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी मी बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य हा खटला निवडतो. एक तर तो शाळेतच घडला, आणि दुसरे म्हणजे वर सांगितलेली कसोटी कुठे चुकते आणि कुठे बरोबर लागते, हे दोन्ही त्यात पाहायला मिळते.

केरळमधील एका शाळेत तीन भावंडे शिकत होती, दहावीत, नववीत आणि पाचवीत. ती यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची होती. सकाळी राष्ट्रगीत सुरू झाले की ती इतरांबरोबर आदराने उभी राहत, पण गात नसत. आपल्या देवाखेरीज इतर कशालाही उद्देशून स्तवन गायचे नाही, अशी त्यांच्या पंथाची शिकवण होती. बरीच वर्षे कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे एका आमदाराच्या लक्षात ही गोष्ट आली, विधानसभेत प्रश्न निघाला, आणि चौकशी झाली. मुले कायद्याने वागणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असेच चौकशीत निष्पन्न झाले. तरीही शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकांनी 26 जुलै 1985 रोजी त्यांना शाळेतून काढून टाकले.

आता विद्यार्थ्याने आपली कसोटी लावायची आहे. कर्ता कोण? शाळा आणि तिच्यामागे शिक्षण खाते, म्हणजे राज्य. कृती काय? सक्तीने गाण्यास सांगणे आणि न गायल्यास काढून टाकणे. कारणाचे वाक्य काय? येथे विद्यार्थी पटकन लिहितात की "राष्ट्रगीताचा आदर राखला जावा म्हणून". हे वाक्य धर्माच्या खरेखोटेपणावर अवलंबून नाही, त्यामुळे ते धर्मनिरपेक्ष कारण आहे हे मान्यच करावे लागेल. मग पुढचा प्रश्न येतो: हे कारण या कृतीला पुरते का? मुले उभी राहत होती. आदर राखला जातच होता. कारणाचे वाक्य निर्दोष असूनही कृती त्या वाक्याच्या बाहेर गेली होती.

केरळ उच्च न्यायालयाने वेगळ्या वाटेने विचार केला. त्याने राष्ट्रगीताचे शब्द तपासले आणि त्यात कोणाच्याही धर्मभावनेला धक्का बसावा असा एकही शब्द किंवा विचार नाही, असा निष्कर्ष काढून मुलांची याचिका फेटाळली. वरवर हा विचार समंजस वाटतो, आणि वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांना तो पटतो. पण नीट पाहिले तर येथे न्यायालय मुलांना सांगत होते की तुमच्या धर्माला यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. म्हणजे त्यांच्या धर्माची शिकवण काय असायला हवी, हे न्यायालय ठरवू लागले. द्वेषाचा लवलेशही नसताना राज्य श्रद्धेवर निकाल कसे देऊन बसते, ते येथे अगदी जवळून दिसते.

सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 1986 रोजी हा निकाल फिरवला. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांच्या पीठाचे म्हणणे थोडक्यात असे होते: एखादी श्रद्धा आमच्या बुद्धीला किंवा भावनेला पटते की नाही हा प्रश्नच नाही, ती श्रद्धा खरोखर आणि मनापासून बाळगलेली आहे का, आणि ती त्या धर्माच्या प्रकटीकरणाचा वा आचरणाचा भाग आहे का, एवढेच पाहायचे. मनापासून बाळगलेली असेल तर अनुच्छेद 25 चे संरक्षण लागू होते, आणि मग ते संरक्षण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता किंवा आरोग्य यांच्या कारणाने मर्यादित झाले आहे का, हे तपासायचे.

पुढचा युक्तिवाद उत्तरात अवश्य आणावा, कारण गुण तेथे मिळतात. मर्यादा घालायची तर ती कायद्याने घालावी लागते. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कायदा होता का? नव्हता. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणारा 1971 चा अधिनियम राष्ट्रगीत गाण्यास अडथळा आणणे किंवा ते गाणाऱ्या सभेत गोंधळ घालणे हा गुन्हा मानतो. शांतपणे उभे राहणे या दोन्हींत बसत नाही. शिक्षण खात्याची परिपत्रके होती, पण त्यांना कायद्याचे बळ नव्हते. म्हणून मुलांच्या हकालपट्टीने त्यांच्या अनुच्छेद 25 च्या हक्काचा भंग झाला, आणि गप्प राहण्याचा हक्क भाषणस्वातंत्र्यात येत असल्यामुळे अनुच्छेद 19 चाही भंग झाला, असे न्यायालयाने ठरवले. मुलांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला गेला.

या निकालाचा अर्थ लावताना एक चूक टाळावी. धर्माचे कारण पुढे केले की कोणत्याही नियमातून सुटका होते, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. ही मुले उभीच राहिली नसती, किंवा गाणाऱ्यांना अडवू लागली असती, तर उत्तर वेगळे आले असते. मुलांचे वागणे किती मर्यादित आणि शांत होते, हा निकालाचा महत्त्वाचा आधार आहे, आणि उत्तरात त्याचा उल्लेख नसेल तर निकाल आहे त्याहून मोठा करून सांगितल्यासारखे होते.

पाचवी पायरी: राज्य हस्तक्षेप करते तेव्हा ते किती पुढे जाते, ते मोजा

केरळच्या खटल्यात राज्याला थांबवले गेले. याच्या उलट, राज्याला पुढे जाऊ दिलेला एक खटला उत्तरात असला तर चित्र पुरे होते. कर्नाटकातील दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या मुलकी येथील श्री व्यंकटरमण मंदिर गौड सारस्वत ब्राह्मण समाजाने स्थापन केलेले होते. मद्रास मंदिरप्रवेश कायदा 1947 चा होता, आणि त्यानुसार दलितांना मंदिरात प्रवेश देण्यास विश्वस्तांनी हरकत घेतली. आपल्या धार्मिक बाबींचे व्यवस्थापन करण्याचा हक्क अनुच्छेद 26 ने संप्रदायाला दिला आहे आणि मंदिरात कोणी यावे ही धार्मिक बाब आहे, असा त्यांचा दावा होता.

न्यायालयाने विश्वस्तांना खोटे ठरवले नाही, ही येथली लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. हा संप्रदाय आहे आणि प्रवेश ही धार्मिक बाब आहे, हे दोन्ही न्यायालयाने मान्य केले. पण अनुच्छेद 25 च्या दुसऱ्या खंडात सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार राज्याला दिलेला आहे, आणि संप्रदायाचा हक्क त्या अधिकाराच्या अधीन आहे, असे ठरवले. त्याच वेळी काही विशिष्ट विधी, जे परंपरेने केवळ त्या समाजाचेच होते, त्या वेळेपुरते इतरांना वगळण्याची मुभा न्यायालयाने कायम ठेवली. अट एवढीच होती की दर्शनाचा इतरांचा हक्क नाममात्र उरता कामा नये. कारणाचे वाक्य लिहून पाहा: "जन्मावरून कोणाला सार्वजनिक मंदिराच्या बाहेर ठेवले जाऊ नये." मूर्तीत देव आहे की नाही, याच्याशी या वाक्याचा काही संबंध नाही. उलट ज्यांना आत जायचे होते ते श्रद्धेनेच जात होते. त्यांच्या उपासनेची वाट मोकळी करणाऱ्या कायद्याला धर्मविरोधी म्हणायचे असेल, तर बाहेर उभ्या असलेल्या भक्ताची श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, असे आधी म्हणावे लागेल.

शाळेवरचे प्रश्न: अनुच्छेद 28

परीक्षेत उपयोजनाचे प्रश्न बहुतेक वेळा शाळेवरच बेतलेले असतात, म्हणून हा अनुच्छेद स्वतंत्रपणे पाहावा. संस्था कोणत्या प्रकारची आहे, हे आधी ठरवायचे. पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. शासन चालवत असले तरी जी संस्था एखाद्या देणगीतून किंवा न्यासातून उभी राहिली आणि ज्या न्यासाच्या अटींनुसार तेथे धर्मशिक्षण आवश्यक आहे, तिला ही मनाई लागू नाही. आणि शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत धर्मशिक्षण किंवा उपासना चालू असेल, तर विद्यार्थ्याला त्यात भाग घेण्याची सक्ती करता येत नाही. त्याची स्वतःची संमती हवी, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांची.

असा प्रश्न घेऊ: "एका धार्मिक न्यासाच्या अनुदानित शाळेत दररोज प्रार्थना होते. एका विद्यार्थिनीच्या पालकांनी तिला त्यातून वगळण्याची लेखी विनंती केली. मुख्याध्यापकांनी ती नाकारली आणि धर्मनिरपेक्षतेमुळे आमची प्रार्थनाच बंद पडेल, असे कारण दिले. चर्चा करा." उत्तर असे बांधावे. शाळा अनुदानित आहे, पूर्णपणे शासकीय नाही. म्हणून प्रार्थना घेण्यास अनुच्छेद 28 ची मनाई नाही. पण पालकांची संमती नसल्यामुळे त्या मुलीला सामील करून घेता येणार नाही. मुख्याध्यापकांची भीती निराधार आहे, कारण संविधान प्रार्थना बंद करायला सांगत नाही, सक्ती बंद करायला सांगते. बाकीची मुले प्रार्थना करत राहतील, ती मुलगी वर्गात बसेल, आणि दोघांच्याही हक्काला बाधा येणार नाही.

याला लागूनच दुसरा प्रश्न येतो: सरकारी शाळेच्या पाठ्यपुस्तकात संत, प्रेषित, तीर्थंकर यांच्यावरचे धडे चालतात का? डी. ए. व्ही. कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात 1971 मध्ये गुरू नानकांच्या जीवनाच्या आणि शिकवणुकीच्या अभ्यासाला आक्षेप घेतला गेला होता. असा विद्याविषयक अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. 2002 मध्ये अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या खटल्यातही धर्मांविषयी शिकवणे अनुच्छेद 28 च्या विरुद्ध नाही, हीच भूमिका राहिली. फरक ओळखायचा तर धड्याखालचे स्वाध्याय पाहावेत. "नामदेवांनी पंजाबात कोणते कार्य केले?" हा अभ्यास झाला. "तू रोज नामस्मरण का केले पाहिजेस?" हे धर्मशिक्षण झाले. संतांचे नाव पुस्तकातून काढून टाकणे ही धर्मनिरपेक्षता नव्हे, आणि मराठी मुलाला ज्ञानेश्वर-तुकाराम न शिकवता मराठी कशी शिकवणार, हा प्रश्न तर वेगळाच.

उत्तरात वारंवार दिसणाऱ्या दोन चुका

"1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने भारत धर्मनिरपेक्ष झाला" हे वाक्य खोडून टाकावे. त्या दुरुस्तीने उद्देशिकेत "धर्मनिरपेक्ष" हा शब्द आला. अनुच्छेद 14 ते 16 आणि 25 ते 28 हे पहिल्या दिवसापासून होते, उद्देशिकेत विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य पहिल्यापासून होते, आणि धर्माच्या कारणावरून कोणालाही मतदार यादीतून वगळता येणार नाही असे सांगणारा अनुच्छेद 325 ही होता. 1994 मध्ये एस. आर. बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने धर्मनिरपेक्षता हा संविधानाच्या मूलभूत संरचनेचा भाग असल्याचे सांगितले, आणि तेही शब्दापेक्षा या तरतुदींच्या आधारे समजून घ्यावे. "शब्द 1976 मध्ये आला, तत्त्व 1950 पासून होते" असे एक वाक्य पुरते.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. विद्यार्थी धर्मनिरपेक्षता आणि सर्वधर्मसमभाव हे समानार्थी शब्द म्हणून वापरतात. समभाव हा मनाचा गुण आहे, तो नागरिकांत असला तर चांगलेच. पण राज्याकडून अपेक्षा आहे ती समान वागणुकीची, आणि ज्याला कोणताच धर्म नाही त्यालाही ती मिळायला हवी. केवळ सर्व धर्मांना सारखा मान म्हटले की हा माणूस मोजणीतून सुटतो.

पद्धत जिथे अडते

हुशार विद्यार्थी दोन प्रश्न हमखास विचारतो, आणि त्यांना बगल देऊ नये. पहिला: मंदिरे खुली करण्याची तरतूद हिंदू संस्थांपुरतीच का? उत्तर असे की जातीवरून मंदिराबाहेर ठेवण्याची प्रथा जिथे होती, तिच्यावर ती तरतूद रोखलेली आहे. त्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणानुसार "हिंदू" या उल्लेखात शीख, जैन आणि बौद्ध धर्मीयांचाही समावेश होतो. तरीही सामाजिक सुधारणेचा अधिकार त्याच उपखंडात सर्व धर्मांबाबत आहे, आणि तो राज्याने सर्वत्र सारख्याच तत्परतेने वापरला का, हा रास्त प्रश्न आहे. तो विचारणारा विद्यार्थी धर्मनिरपेक्षतेच्या विरोधात बोलत नसतो, तिच्याच कसोटीवर राज्याला तोलत असतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. 1954 च्या शिरूर मठ खटल्यापासून न्यायालये एखादी प्रथा धर्माचा "अत्यावश्यक भाग" आहे का, हे तपासत आली आहेत. श्रद्धेवर निकाल द्यायचा नाही असे म्हणायचे आणि त्या श्रद्धेत अत्यावश्यक काय ते मात्र न्यायालयाने ठरवायचे, हे कसे जुळते? माझ्या मते हे पुरते जुळत नाही, आणि अनेक अभ्यासकांनीही यावर टीका केलेली आहे. बारावीच्या विद्यार्थ्याने ही अडचण दोन वाक्यांत नोंदवावी. उत्तर त्याने कमकुवत होत नाही. विद्यार्थ्याने कसोटी पाठ न करता लावून पाहिली आहे, हे परीक्षकाला त्यातून कळते.

शिक्षकांसाठी: असा प्रश्न काढावा

"धर्मनिरपेक्षता म्हणजे काय?" या प्रश्नाला पाठांतराचे उत्तर येणारच. त्याऐवजी एक प्रसंग द्यावा आणि विद्यार्थ्याकडून कारणाचे वाक्य लिहून घ्यावे. उदाहरणार्थ, ध्वनिक्षेपकाच्या आवाजाची मर्यादा रात्री सर्व प्रार्थनास्थळांना, लग्नाच्या कार्यालयांना आणि प्रचारसभांना एकाच आदेशाने लागू केली आहे. आणि दुसऱ्या एका आदेशाने ती एकाच धर्माच्या प्रार्थनास्थळांना लागू केली आहे. दोन्ही आदेशांमागे "आरोग्य" हेच कारण लिहिलेले आहे. सहा गुणांच्या प्रश्नात एक गुण कर्ता ओळखण्याला, दोन गुण दोन्ही आदेशांची कारणवाक्ये पूर्ण लिहिण्याला, दोन गुण अनुच्छेद 25 आणि 14 लावण्याला ठेवावेत. उरलेला एक गुण या निरीक्षणासाठी राखावा की दुसऱ्या आदेशात लिहिलेले कारण आणि प्रत्यक्षातले कारण एक नाही, कारण लग्नघरातल्या आवाजानेही झोपमोड तेवढीच होते. हा शेवटचा गुण फार थोड्यांना मिळतो. ज्यांना मिळतो त्यांच्या उत्तरपत्रिका मी पुढच्या वर्षीच्या वर्गाला नाव झाकून वाचून दाखवतो.